विश्लेषण : सोमवारी आकडा घटतो, साथ नाही! सात दिवसांची सरासरी का हवी?

करोनाच्या दोन वर्षांत वर्धा जिल्ह्यातील वाचकांना संध्याकाळच्या एका पत्रकाची सवय लागली होती. आज किती बाधित, किती बरे झाले, किती मृत्यू आणि कोणत्या तालुक्यात किती, असे त्याचे स्वरूप असे. दुसऱ्या दिवशी मथळा ठरे तो एकाच तुलनेवर, म्हणजे कालपेक्षा आकडा वाढला की घटला यावर. ती साथ ओसरली, पण सवय राहिली. पावसाळ्यात डेंग्यू वाढला, एखाद्या गावात गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले किंवा कापसाचा हंगाम सुरू झाला, की पुन्हा ‘काल इतके, आज इतके’ सुरू होते. ही तुलना बहुतेक वेळा चुकीची दिशा दाखवते. आकडे खोटे असतात असे नाही, पण आठवड्याचे सातही दिवस सारखे नसतात. हे करोनाकाळातील खऱ्या आकड्यांवरून तपासून पाहता येते.

सोमवारी नेमके काय होत होते?

राज्यातील दुसऱ्या लाटेचा शिखराचा काळ पाहू. रविवार, २५ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात ६६,१९१ नव्या बाधितांची नोंद झाली. सोमवारी, २६ एप्रिलला हा आकडा ४८,७०० वर आला. एका दिवसात साडेसतरा हजारांची, म्हणजे २६ टक्क्यांची घट झाली. लाट उतरली असे वाटायला हे पुरेसे होते. मंगळवारी, २७ एप्रिलला पुन्हा ६६,३५८ रुग्ण आले, म्हणजे ३६ टक्क्यांची वाढ. या दोन दिवसांवर विश्वास ठेवायचा तर राज्यातील साथ सोमवारी चतुर्थांशाने ओसरली आणि मंगळवारी त्याहून जोरात उसळली, असे मानावे लागेल. कोणतीही साथ अशी वागत नाही.

हे एकाच आठवड्यात घडले असेही नाही. त्याआधीच्या रविवारी, १८ एप्रिलला ६८,६३१ रुग्ण होते आणि सोमवारी ५८,९२४. त्याच्याही आधी रविवारी, ११ एप्रिलला ६३,२९४ आणि सोमवारी ५१,७५१. पुढे २ मेच्या रविवारी ५६,६४७ आणि सोमवारी ४८,६२१. ९ मेच्या रविवारी ४८,४०१ आणि सोमवारी ३७,२३६. लाट चढत असताना सोमवार खाली होता, शिखरावर असताना खाली होता आणि उतरत असतानाही खालीच होता. म्हणजे सोमवारच्या घसरणीचा साथीच्या दिशेशी काही संबंध नव्हता.

मग ही घट येत कुठून होती?

पत्रकातला ‘आजचा आकडा’ आज किती लोक आजारी पडले ते सांगत नाही. आज किती अहवाल नोंदले गेले, एवढेच तो सांगतो. संसर्ग आणि नोंद यांच्यामध्ये मोठी साखळी असते आणि तिचा प्रत्येक दुवा माणसांच्या कामाच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो.

वर्धा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील माणसाला ताप आला, की तो आधी एक-दोन दिवस घरीच काढतो. मग आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जातो. तिथे घशातील स्रावाचा नमुना घेतला जातो आणि इतर नमुन्यांबरोबर शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवला जातो. आरटीपीसीआर तपासणीची मोठी सोय सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय संस्थांच्या प्रयोगशाळांत होती. नमुने यंत्रात एकेक करून लागत नाहीत, त्यांची खेप लावली जाते. अहवाल आला, की तो ऑनलाइन यंत्रणेत भरला जातो, तालुकानिहाय यादी होते आणि मग संध्याकाळच्या पत्रकात आकडा येतो.

रविवारी या साखळीचा वेग मंदावतो. तपासणीला येणारे लोक कमी असतात. ज्यांचा त्रास सौम्य आहे, ते ‘उद्या जाऊ’ म्हणतात. खासगी दवाखाने बंद असतात, त्यामुळे तिथून पाठवले जाणारे रुग्णही थांबतात. प्रयोगशाळेत मनुष्यबळ कमी असते आणि माहिती भरणाऱ्याचीही सुट्टी असते. रविवारी घेतलेल्या थोड्या नमुन्यांचे अहवाल सोमवारच्या पत्रकात येतात आणि आकडा पडतो. मंगळवार-बुधवारपर्यंत सोमवारच्या गर्दीचे अहवाल येतात आणि तो पुन्हा चढतो. विषाणूला वार कळत नाही, मात्र प्रयोगशाळेला आणि कार्यालयाला कळतो.

हाच वार दुसऱ्या नोंदवहीत उलटी चाल दाखवतो. सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग रविवारी बंद असतो, म्हणून तिथे सोमवारी सर्वाधिक गर्दी होते. बाजार समितीत आठवडी सुट्टीनंतरच्या दिवशी कापसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रयोगशाळेच्या नोंदीत सोमवार खाली, तर दवाखान्याच्या केसपेपरच्या नोंदीत सोमवार वर. म्हणून ‘सोमवारी नेहमी आकडा घटतो’ असा सर्वसाधारण नियम पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक नोंदीची आठवड्याची चाल वेगळी असते. सात-आठ आठवड्यांचे आकडे वारानुसार एकाखाली एक मांडले, की ती लगेच दिसते.

चुकीच्या तुलनेने प्रत्यक्ष नुकसान काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात रुग्ण वाढू लागले, तेव्हा वर्धा जिल्ह्यात शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत संचारबंदी लावण्यात आली होती. संचारबंदीचा रविवार संपला, की पाठोपाठ सोमवार-मंगळवारचे पत्रक येते. हे आकडे इतर कोणत्याही आठवड्यात कमीच असतात. बाहेर पडायलाच बंदी असेल, तर तपासणीला येणारेही आणखी कमी. अशा वेळी कमी आकडा पाहून ‘संचारबंदीचा परिणाम दिसू लागला’ असा निष्कर्ष काढणे सर्वात सोपे आणि सर्वात चुकीचे आहे. आज झालेल्या संसर्गाची लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस लागत. त्यानंतर तपासणी आणि अहवाल. रविवारच्या बंदीचा खरा परिणाम पुढचा आठवडा सरत असतानाच आकड्यांत उतरू शकतो, दुसऱ्या दिवशी नाही.

चूक उलट बाजूनेही होते. मंगळवार-बुधवारची नेहमीची उसळी पाहून ‘रुग्णसंख्येचा पुन्हा स्फोट’ असा मथळा झाला, तर दुकाने बंद करण्याची मागणी होते. व्यापारी म्हणतात सोमवारी तर रुग्ण कमी होते, प्रशासन म्हणते बुधवारी वाढले, आणि दोघांच्याही हातात खरेच आकडे असतात. वाद मात्र साथीबद्दल नसून कॅलेंडरबद्दल असतो. ज्या निर्णयावर हातावर पोट असलेल्यांची मजुरी आणि रुग्णालयातील खाटा अवलंबून आहेत, तो अशा तुलनेवर होऊ नये.

सात दिवसांची सरकती सरासरी म्हणजे काय?

आजचा आणि मागच्या सहा दिवसांचा आकडा, अशा सात आकड्यांची बेरीज करायची आणि सातने भागायचे. उद्या नवा आकडा आत घ्यायचा आणि सर्वात जुना बाहेर काढायचा. सात दिवसांची चौकट रोज एक घर पुढे सरकते, म्हणून ती सरकती सरासरी. संगणकावरील तक्त्यात रोजचे आकडे ‘ब’च्या जागी असलेल्या B स्तंभात दुसऱ्या ओळीपासून भरले असतील, तर आठव्या ओळीसमोर एवढे लिहावे आणि ते खाली ओढत जावे :

```
=AVERAGE(B2:B8)
```

सातच दिवस का, पाच किंवा दहा का नाहीत? कारण सलग सात दिवस कुठूनही मोजले, तरी त्यांत प्रत्येक वार बरोबर एकदाच येतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्यात साथ अगदी स्थिर आहे. रोज ७० रुग्ण नोंदले जातात, फक्त सोमवारी ३५. कोणतेही सलग सात दिवस घ्या, बेरीज ४५५ आणि सरासरी ६५ येते. ती रोज ६५ च राहील, आणि तेच खरे आहे, कारण साथ स्थिर आहे. आता पाच दिवसांची सरासरी काढू. चौकटीत सोमवार असेल, तर ती ६३ येते. नसेल, तर ७०. काहीही बदललेले नसताना आलेख दर आठवड्याला वर-खाली होत राहतो. दहा दिवसांच्या चौकटीतही कधी एक सोमवार येतो, कधी दोन. म्हणजे सात किंवा सातच्या पटीतीलच चौकट वाराचा परिणाम पूर्ण काढून टाकते. चौदा दिवस चालतील, पण ती चौकट फारच संथ होते.

खऱ्या आकड्यांवर ही पद्धत कशी ठरते?

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यातील राज्याचे आकडे पाहू. शेवटच्या रकान्यात त्या दिवसापर्यंतच्या सात दिवसांची सरासरी आहे.

| दिवस | त्या दिवशीचे नवे रुग्ण | सात दिवसांची सरासरी |
|---|---|---|
| रविवार, २ मे | ५६,६४७ | ६१,०५३ |
| सोमवार, ३ मे | ४८,६२१ | ६१,०४२ |
| मंगळवार, ४ मे | ५१,८८० | ५८,९७४ |
| बुधवार, ५ मे | ५७,६४० | ५८,१६४ |
| गुरुवार, ६ मे | ६२,१९४ | ५७,५९८ |

मधला रकाना वाचणाऱ्याला काय दिसले? सोमवारी आठ हजारांची घट, म्हणून दिलासा. मग मंगळवारी वाढ, बुधवारी वाढ, गुरुवारी वाढ. ‘सलग तिसऱ्या दिवशी रुग्णवाढ’ हा मथळा अक्षरशः खरा ठरला असता. तीन दिवसांत साडेतेरा हजारांची भर पडली होती. कोणालाही वाटावे की लाट पुन्हा उसळली.

शेवटचा रकाना वाचणाऱ्याला नेमके उलट दिसले. ज्या सोमवारी दिलासा वाटला, त्या दिवशी सरासरी जवळपास जागची हलली नाही. फक्त ११ ने उतरली. आणि ज्या तीन दिवशी धास्ती वाटली, त्या तिन्ही दिवशी सरासरी खाली येत होती. बरोबर कोण ठरले? ९ मेच्या रविवारपर्यंत सरासरी ५३,७६६ झाली आणि १६ मेपर्यंत ३९,५३१. लाट उतरतच होती. रोजच्या तुलनेने सोमवारी चुकीचा दिलासा दिला आणि पुढचे तीन दिवस चुकीची भीती.

सरासरी ‘हलते’ कशामुळे?

यामागे एक सोपे गणित आहे आणि ते समजले, की सरासरी काढल्याशिवायही बातमी नीट वाचता येते. चौकट एक दिवस पुढे सरकते, तेव्हा आत येतो आजचा आकडा आणि बाहेर जातो गेल्या आठवड्यातील याच वाराचा आकडा. मधले सहा आकडे तेच राहतात. त्यामुळे सरासरी आज वाढली की घटली हे कालच्या आकड्यावर ठरत नाही, गेल्या आठवड्यातील याच वारावर ठरते. आजचा आकडा त्याहून जास्त असेल, तर सरासरी वाढते. कमी असेल, तर घटते. फरकाला सातने भागले, की बदल किती तेही कळते.

वरील तक्ता यावर तपासून पाहा. सोमवारी, ३ मेला ४८,६२१ रुग्ण होते. त्याआधीच्या सोमवारी, २६ एप्रिलला ४८,७००. फरक फक्त ७९ चा, म्हणून सरासरी ११ ने हलली. मंगळवारी, ४ मेला ५१,८८० होते. कालपेक्षा जास्त, पण आधीच्या मंगळवारच्या ६६,३५८ पेक्षा साडेचौदा हजारांनी कमी. म्हणून सरासरी दोन हजारांहून अधिक खाली आली.

तेव्हा हातात दुसरे काहीच नसेल, तर सोमवारची तुलना सोमवारशी आणि बुधवारची बुधवारशी करावी. ही पद्धत कालच्या तुलनेपेक्षा खूपच बरी. पण तीही एकाच जोडीवर अवलंबून असते. २६ एप्रिलचा सोमवार आधीच्या सोमवारपेक्षा १७ टक्क्यांनी कमी होता, तर दुसऱ्याच दिवशीचा मंगळवार आधीच्या मंगळवारपेक्षा सात टक्क्यांनी जास्त. अशा वेळी सातही दिवसांचा विचार करणारी सरासरीच भरवशाची. त्या दोन दिवसांत ती ६५,०९८ वरून ६३,६३८ वर आणि मग ६४,२४७ वर गेली, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्क्यांच्या आत खेळली. शिखराचा माथा सपाट झाला आहे, एवढेच तिने सांगितले आणि तेवढेच खरे होते.

ही पद्धत कुठे फसते?

पहिली मर्यादा उशिराची. आजची सरासरी सात दिवसांची असल्याने ती खरे तर तीन दिवसांपूर्वीच्या, म्हणजे चौकटीच्या मधल्या दिवसाच्या स्थितीचे वर्णन करते. साथ संथ असताना हे चालून जाते, वेगात असताना नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा राज्यात २ जानेवारीला ११,८७७ रुग्ण होते आणि ८ जानेवारीला ४१,४३४. या सात दिवसांची सरासरी येते सुमारे २६,८००. ८ जानेवारीला ज्याने फक्त सरासरी पाहून खाटांची तयारी केली असती, तो प्रत्यक्षाच्या खूप मागे राहिला असता.

याच आठवड्यात वाराची चाल माहीत असण्याचा वेगळा फायदाही दिसतो. ३ जानेवारी २०२२ हा सोमवार होता. नेहमीप्रमाणे आकडा पडायला हवा होता, पण तो रविवारच्या ११,८७७ वरून १२,१६० वर गेला. कालच्या तुलनेत ही किरकोळ वाढ. मात्र आधीच्या सोमवारी, २७ डिसेंबरला फक्त १,४२६ रुग्ण होते. म्हणजे आठवड्यात साडेआठ पट. ज्या दिवशी आकडा पडायचा, त्या दिवशी तो पडला नाही, हाच इशारा होता. पुढच्या तीन दिवसांत तो ३६,२६५ वर पोहोचला.

दुसरी मर्यादा जुन्या नोंदींची. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी नोंदवायचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी आकडेवारीत मिळवले. अशी भर सरासरीत गेली, की ती सात दिवस तिथेच बसते. प्रत्येक दिवशी सुमारे १९० मृत्यू जास्त दिसतात आणि आठव्या दिवशी, ती तारीख चौकटीबाहेर गेली, की सरासरी एकदम कोसळते. आलेखात उभी चढण, सात दिवसांचे सपाट पठार आणि मग उभा उतार असा आकार दिसला, तर साथ शोधू नये, आधी त्या तारखेच्या पत्रकातील तळटीप वाचावी. अशा जुन्या नोंदी वेगळ्या दाखवून त्या सरासरीतून वगळणे हाच उपाय.

तिसरी मर्यादा सणांची. सात दिवसांची चौकट रविवार सांभाळते, पण पोळा, दिवाळी किंवा होळी सांभाळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात सुट्टीचे तीन-चार दिवस आले, की चौकटीतला कामाचा वाटाच कमी होतो आणि सरासरी खोटी घट दाखवते. पुढच्या आठवड्यात तीच खोटी वाढ दाखवते. अशा वेळी सणानंतरचा एक पूर्ण आठवडा जाऊ देऊनच निष्कर्ष काढावा.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात लहान आकड्यांचे काय?

राज्याचे आकडे हजारांत असतात. आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात साथ ओसरलेली असताना किंवा डेंग्यूसारख्या आजारात रोजचा आकडा एकअंकी असू शकतो. काल तीन, आज सहा, म्हणजे ‘दुप्पट’. असा मथळा गणिताने बरोबर आणि अर्थाने पोकळ असतो. एकाच घरातील तिघांची तपासणी एका दिवशी झाली, तरी आकडा दुप्पट होतो.

इथे सरासरीपेक्षाही आठवड्याची सरळ बेरीज द्यावी. ‘रोज सरासरी चार’ म्हणण्यापेक्षा ‘सात दिवसांत २८’ हे वाचकाला लवकर कळते. आणि बेरजेलाही थोडी सूट द्यावी लागते. २८ च्या आसपासची बेरीज निव्वळ योगायोगानेही पाच-सहाने मागेपुढे होते. त्यामुळे २८ चे ३३ झाले, म्हणून साथ वाढली असे म्हणता येत नाही. २८ चे ५६ झाले, तर ते योगायोगाचे नाही. तालुका पातळीवर आकडे याहूनही लहान होतात. तिथे रोजची चढ-उतार छापण्यापेक्षा आठवड्याची यादी आणि रुग्ण कोणत्या गावात सापडले, एवढीच माहिती जास्त उपयोगी.

बाधितांच्या टक्केवारीची सरासरी कशी काढावी?

किती तपासण्यांत किती बाधित निघाले, याची टक्केवारीही रोज दिली जात असे. तिला आठवड्याची वेगळी चाल असते. सुट्टीच्या दिवशी तपासण्या कमी होतात, पण ज्यांना खरोखर त्रास होतो आहे, तेच येतात. म्हणून त्या दिवशी रुग्ण कमी आणि टक्केवारी मात्र जास्त. अशा सात टक्केवाऱ्यांची सरासरी काढणे चूक आहे. समजा, एका दिवशी १०० तपासण्यांत ३० बाधित निघाले, म्हणजे ३० टक्के. बाकीच्या सहा दिवशी रोज ५०० तपासण्यांत ५० निघाले, म्हणजे १० टक्के. सात टक्केवाऱ्यांची सरासरी जवळपास १३ टक्के येते. पण एकूण ३,१०० तपासण्यांत बाधित आहेत ३३०, म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या थोडे वर. खरा आकडा हाच. शंभर तपासण्यांच्या दिवसाला पाचशे तपासण्यांच्या दिवसाइतकेच वजन दिले, की घोटाळा होतो. सात दिवसांचे बाधित आणि सात दिवसांच्या तपासण्या वेगवेगळ्या बेरजेने घ्याव्यात आणि मग भागाकार करावा.

हा फरक कागदावरचा नाही. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंध शिथिल करताना जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा स्तर ठरवण्याचा आधार आठवड्याचा बाधित दर आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर हाच होता. त्या व्यवस्थेत पाच टक्के आणि दहा टक्के या सीमारेषा होत्या. दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील, हे अशा एका-दोन टक्क्यांवर ठरत होते.

मग दैनिक पत्रकात काय असावे?

सरकारने निर्णयासाठी आठवड्याचा हिशेब धरला आणि जनतेसमोर मात्र रोजचा आकडाच येत राहिला, ही त्या काळातील विसंगती होती. ती पुढच्या साथीत टाळता येईल. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, पत्रकात दोन-तीन ओळी वाढवाव्या लागतात. आजचा आकडा, गेल्या आठवड्यातील याच वाराचा आकडा, सात दिवसांची सरासरी आणि ती आठवड्यापूर्वी किती होती, एवढे चार आकडे शेजारी असावेत. तेवढ्याच ओळी तपासण्यांच्या संख्येसाठी असाव्यात, कारण तपासण्याच निम्म्या झाल्या, तर रुग्णांची सरासरीही दिशाभूल करते. सुट्टी आणि मागील नोंदींची भर तळटिपेत स्पष्ट लिहावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की सरासरी म्हणजे आकडे गुळगुळीत करून लपवणे. रोजचा आकडा काढून टाकला, तर तो आक्षेप योग्यच आहे. म्हणून रोजचा आकडा द्यायलाच हवा. रुग्णालयाला आज किती खाटा लागल्या, हे सरासरी सांगत नाही आणि वेगाने चढणाऱ्या लाटेचा पहिला इशाराही रोजच्याच आकड्यात असतो. पण रोजच्या आकड्यावर ‘वाढ’ किंवा ‘घट’ हा शिक्का मारायचा नाही. तो शिक्का सरासरीकडे पाहून मारायचा.

वृत्तपत्रांसाठीही नियम सोपा आहे. मथळ्यात ‘कालच्या तुलनेत’ हे शब्द आले, की थांबावे आणि ‘गेल्या आठवड्यातील याच दिवसाच्या तुलनेत’ काय दिसते ते पाहावे. दोन्हींची दिशा एकच असेल, तर बातमी आहे. दिशा उलट असेल, तर बहुधा सोमवार किंवा मंगळवार आहे.